ग्रुपमधल्या सदस्याचं खातं पैसे मागतंय: खात्री कशी करायची आणि ग्रुपला कळवायचं कसं

व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणाऱ्यांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी नावानं चारपाच जणांना खासगी मेसेज गेलेला असतो, ‘जरा अडचण आहे, आत्ता पैसे पाठवता का, संध्याकाळी परत करते.’ एखाद्याला शंका येते, तो ॲडमिनला विचारतो, आणि ॲडमिन घाईघाईत ग्रुपवर लिहितो, ‘ताईंचं अकाउंट हॅक झालंय, कुणी पैसे देऊ नका.’ पुढच्या पाच मिनिटांत त्याच ताईंच्या खात्यावरून ग्रुपवर उत्तर येतं, ‘कोण म्हणतं हॅक झालंय? मीच आहे, गैरसमज पसरवू नका.’ मग ग्रुपमध्ये दोन तट पडतात, आणि त्या गोंधळात कुणीतरी पैसे पाठवून मोकळा होतो.

गोंधळाचं कारण साधं आहे. इशारा ज्या ग्रुपवर दिला, तिथं चोर बसलेला आहे. तो इशारा वाचतो आणि त्याला उत्तरही देतो. ताई जर ग्रुपच्या ॲडमिन असतील तर तो इशारा सगळ्यांसाठी पुसून टाकू शकतो, बाकीच्या ॲडमिनना हटवू शकतो, आणि फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग करून सगळ्यांची तोंडं बंद करू शकतो. म्हणून इथं क्रम महत्त्वाचा आहे. आधी खात्री, मग ते खातं ग्रुपबाहेर, आणि त्यानंतर इशारा. खात्री करायला दहा मिनिटं लागतील असं वाटलं तर त्या खात्याला आधी बाहेर काढा आणि मग खात्री करा. शंका खोटी ठरली तर ताईंना परत घेता येतं. थोडी नाराजी होईल, पण ती फोनवर निस्तरता येते.

आधी नंबर बघा

‘हॅक झालं’ या एका वाक्याखाली तीन वेगळे प्रकार येतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात ताईंच्या खात्याला कुणी हातही लावलेला नसतो. चोरानं दुसऱ्याच नंबरावर खातं उघडून ताईंचं नाव आणि डीपी लावलेला असतो, आणि ‘हा माझा नवीन नंबर, सेव्ह कर’ असं सांगून सुरुवात केलेली असते. हे ओळखायला मेसेजमधल्या नावावर टॅप करून नंबर बघायचा आणि आपल्या फोनबुकातल्या नंबराशी ताडायचा. आणखी एक खूण म्हणजे, तुम्ही ताईंचा नंबर सेव्ह केलेला असतानाही नावाआधी ~ अशी खूण दिसत असेल, तर ते नाव तुमच्या फोनबुकातलं नाही, समोरच्यानं स्वतः लावलेलं आहे. या प्रकारात ताईंना ग्रुपमधून काढायचं काहीच कारण नाही. तो परका नंबर ब्लॉक आणि रिपोर्ट करायचा आणि ग्रुपला सांगायचं. चोराला ताईंच्या ओळखीचे लोक कुठून कळले हा प्रश्न मात्र उरतो. पुष्कळदा उत्तर असं असतं की ग्रुपची इनव्हाइट लिंक कुठंतरी उघड्यावर पडलेली आहे आणि तो अनोळखी नंबर ग्रुपमध्येच गुपचूप बसून आहे. सदस्यांची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा आणि लिंक Reset करा.

दुसऱ्या प्रकारात नंबर ताईंचाच असतो, पण खातं चोराच्या फोनवर चालू असतं. व्हॉट्सॲप एका नंबरासाठी एकाच मुख्य फोनवर चालतं. चोरानं ताईंचा नंबर स्वतःच्या फोनवर टाकला, ताईंना एसएमएसनं आलेला सहा अंकी कोड काही तरी थाप मारून मिळवला, की ताईंच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडतं. ताई सांगतात, ‘सकाळपासून व्हॉट्सॲप उघडतच नाहीये, परत नंबर टाका म्हणतंय.’ हे वाक्य ऐकलं की दुसरा प्रकार समजा. यात चोराला ताईंच्या जुन्या गप्पा सहसा मिळत नाहीत, कारण त्या ताईंच्या फोनवर किंवा त्यांच्या बॅकअपमध्ये असतात. पण ताई कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहेत ते दिसतं, त्यातल्या सगळ्यांचे नंबर मिळतात, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक मेसेज त्यालाच पोचतो.

तिसरा प्रकार फसवा आहे, आणि ‘मागच्या महिन्यात सोडवलं होतं, परत झालं’ अशी तक्रार येते ती बहुधा याच प्रकारामुळं. यात ताईंचा फोन व्यवस्थित चालू असतो. चोरानं आपला कॉम्प्युटर किंवा फोन ताईंच्या खात्याला जोडून घेतलेला असतो, म्हणजे व्हॉट्सॲप वेब जोडतो तसा. एका मुख्य फोनला अशी चार उपकरणं जोडता येतात. जोडणी क्यूआर कोड स्कॅन करून होते किंवा आठ अक्षरांचा कोड फोनवर टाकून होते. सध्याची लाडकी थाप स्पर्धेत मत देण्याची आहे. ‘माझ्या भाचीला मत द्या’ म्हणून लिंक येते, ते पान आपला नंबर विचारतं, मग आठ अक्षरं दाखवून म्हणतं, ‘पडताळणीसाठी हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका.’ टाकणारा आपल्या हातानं चोराला आत घेतो आणि त्याच्या फोनवर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. चोराला अलीकडच्या गप्पाही वाचायला मिळतात. पैसे मागितलेले संवाद तो अर्काइव्हमध्ये ढकलतो किंवा पुसतो, म्हणून ताईंच्या नजरेला पडत नाहीत.

या तिसऱ्या प्रकारात एकाच खात्यातून दोन माणसं लिहीत असतात. तुम्ही विचारलंत, ‘ताई, पैसे तुम्हीच मागितले का?’ आणि ताईंनी खरोखर वाचून ‘नाही हो’ लिहिलं, तरी चोर ते पुसून ‘हो, लवकर पाठव’ लिहू शकतो. तेव्हा त्याच चॅटमध्ये विचारून खात्री करण्याला काहीही अर्थ नाही. तुम्ही विचारताय ते चोरालाच विचारताय.

खात्रीचा फोन कसा करायचा

‘फोन करून विचारा’ असं सगळेच सांगतात, पण तेवढं पुरत नाही.

फोन व्हॉट्सॲपवरून करायचा नाही. तो ज्याच्याकडं खातं आहे त्याच्याकडं जातो. साधा फोन करायचा, आणि तोही आपल्या फोनबुकात आधीपासून असलेल्या नंबरावर. मेसेजमध्ये दिलेल्या ‘दुसऱ्या’ नंबरावर नाही.

साधा फोनही कधीकधी चोराकडंच वाजतो. खातं पळवण्याची एक रीत अशी आहे की ताईंना कुणीतरी बोलण्यात गुंतवून फोनवर एक चांदणीनं सुरू होणारा कोड दाबायला लावतो. त्यानं ताईंच्या नंबरावरचे कॉल चोराच्या नंबरावर वळतात. मग चोर व्हॉट्सॲपला सांगतो की कोड एसएमएसनं नको, कॉल करून सांग, आणि तो कॉल त्यालाच येतो. अशा वेळी तुम्ही ताईंना केलेला फोनही त्याच्याकडंच वळतो. तो उचलत नाही, किंवा उचलून ‘ताई डॉक्टरांकडं आत गेल्यात, मी त्यांचा भाचा’ असं सांगतो. सिमच पळवलेलं असेल, म्हणजे चोरानं कंपनीकडून ताईंच्या नंबराचं डुप्लिकेट सिम काढलं असेल, तरी हाच परिणाम होतो. त्या वेळी ताईंच्या फोनचं नेटवर्कच गेलेलं असतं.

म्हणून फोन लागला आणि कुणी ‘हो, पैसे हवेत’ म्हणालं, एवढ्यावर खात्री झाली असं धरू नका. खात्री दोन गोष्टींनी होते. एक, आवाज ओळखीचा आहे आणि तुम्ही बोललात त्याला तो उत्तर देतोय. पाठवलेल्या व्हॉइस नोटचा आवाज यात धरायचा नाही. ती जुन्या गप्पांतून उचललेली असू शकते, आणि आवाजाची नक्कल बनवणारी साधनंही आता सहज मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे असा प्रश्न, ज्याचं उत्तर चॅटमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. ‘तुमच्या मुलीचं नाव काय’ हा वाईट प्रश्न आहे, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांतून ते चोराला मिळतं. ‘मागच्या वेळी भेटलो तेव्हा आपण कुणाच्या गाडीतून परत आलो’ हा चांगला, पण त्या भेटीचे फोटो ग्रुपवर पडले नसतील तरच.

त्यातूनही चांगला मार्ग म्हणजे ताईंच्या घरच्या दुसऱ्या माणसाला फोन करणं. नवरा, मुलगी, शेजारी, ऑफिसातला सहकारी, कुणीही चालेल, फक्त तो नंबर ताईंच्या खात्यातून आलेला नको. ग्रुप सांभाळणाऱ्यांनी शांत वेळी हे एक काम करून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक सदस्याच्या घरचा एक जास्तीचा नंबर कागदावर किंवा स्वतःच्या फोनबुकात हवा, ग्रुपवर नको. इशाऱ्याची वेळ येते तेव्हा तोच कामी येतो.

व्हॉट्सॲप कधीकधी चॅटमध्ये एक ओळ दाखवतं, की अमक्यांचा सिक्युरिटी कोड बदलला आहे. ती दिसण्यासाठी Security notifications चालू ठेवावं लागतं. ही ओळ आणि पैशाची मागणी एकाच दिवशी आली तर दुसऱ्या प्रकाराची शंका बळकट होते. पण नवीन फोन घेतला किंवा ॲप काढून परत टाकलं तरीही ती येते, म्हणून एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. उलट बाजूनं, ही ओळ आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही, कारण जोडलेल्या उपकरणाच्या प्रकारात ती दिसेलच असं नाही.

भाषेवरूनही पुष्कळांना शंका येते. एरवी ‘अगं’ म्हणणारी मैत्रीण अचानक ‘तुम्ही’ म्हणू लागली, किंवा देवनागरीत लिहिणारी रोमनमध्ये लिहू लागली, की थांबायलाच हवं. पण भाषा जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण तिसऱ्या प्रकारात चोर जुन्या गप्पा वाचून हुबेहूब तसंच लिहितो. पैसे कुणाच्या नावावर मागितलेत हेही बघा. ‘माझ्या ॲपची मर्यादा संपलीय, यांच्या खात्यावर टाक’ असं म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव पुढं येतं. ती खूण फार बोलकी आहे, कारण चोराला पैसे स्वतःच्या हाताखालच्या खात्यातच हवे असतात.

एक प्रसंग, पायरीपायरीनं

जुन्या वर्गमित्रांचा एक ग्रुप घ्या, दोन ॲडमिन असलेला. दुपारी एका सदस्यानं पहिल्या ॲडमिनला स्क्रीनशॉट पाठवला. ग्रुपमधल्या एका ताईंच्या खात्यावरून त्याला पैशाची विनंती आली होती. त्यानं ‘फोन करू का?’ विचारल्यावर उत्तर होतं, ‘आत्ता नको, डॉक्टरांसमोर बसलेय.’ पैसे ‘हॉस्पिटलच्या माणसाच्या’ नावावर मागितले होते.

ॲडमिननं नंबर ताडून बघितला, ताईंचाच होता. म्हणजे पहिला प्रकार नाही. त्यानं ताईंना साधा फोन केला, तो वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. इथं बरेच जण थांबतात आणि ‘खरंच डॉक्टरांकडं असतील’ म्हणतात. त्यानं ताईंच्या मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, ‘आई घरातच आहे, फोन शेजारीच पडलाय, वाजलाच नाही.’ फोन शेजारी आहे, नेटवर्क आहे आणि तरी वाजला नाही, म्हणजे कॉल कुठंतरी वळलेत. मुलीनं आईच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडलं तर ते बंद पडलेलं, परत नोंदणी मागणारं. आईला आठवलं, की सकाळी पार्सलवाल्याचा म्हणून फोन आला होता, त्यानं ‘पत्ता पक्का करायला’ काहीतरी दाबायला सांगितलं होतं.

आता ॲडमिननं तीन गोष्टी याच क्रमानं केल्या. ताईंचं खातं सरळ ग्रुपमधून काढलं. ग्रुपची लिंक बदलली. मग इशारा टाकला. दुसऱ्या ॲडमिनला त्यानं आधी फोन करून सांगून ठेवलं होतं, नाहीतर तो चांगुलपणानं ताईंना लगेच परत घेण्याची दाट शक्यता होती.

ताई स्वतः ॲडमिन असत्या तरी त्यांना असंच सरळ काढता आलं असतं, पण चोरानं बाकीच्या ॲडमिनना हटवण्याआधी ते करावं लागलं असतं. त्यांनीच ग्रुप सुरू केलेला असता तर मात्र पंचाईत होती. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप तयार करणाऱ्याला बाकीचे ॲडमिन काढू शकत नाहीत. तिथं एकच उपाय उरतो. नवीन ग्रुप करायचा, प्रत्येकाला स्वतंत्रपणे त्यात घ्यायचं आणि जुन्यात कुणी काही बोलायचं नाही.

इशाऱ्यात काय लिहायचं

ग्रुपमधून काढलं तरी चोराकडं सदस्यांचे नंबर आधीच गेलेले असतात, त्यामुळं तो खासगी मेसेज करत राहतो. इशारा त्यासाठी असतो. तो वाचणाऱ्याला कुणाबद्दल, केव्हापासून, कशावरून आणि मी काय करू, हे कळायला हवं. त्या ग्रुपमध्ये गेलेला मेसेज साधारण असा होता:

> सावधान. आपल्या वर्गातल्या अमक्या ताईंचं व्हॉट्सॲप आज सकाळपासून दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. मी त्यांच्या मुलीशी साध्या फोनवर बोलून खात्री केली आहे. ताई घरी आहेत, सुखरूप आहेत, त्यांना पैशाची गरज नाही.
> त्यांच्या नावानं मेसेज आला तर उत्तर देऊ नका. पैसे पाठवू नका, आलेली लिंक उघडू नका, सहा अंकी किंवा आठ अक्षरी कुठलाही कोड सांगू नका आणि टाकूही नका.
> ज्यांनी आधीच पैसे पाठवलेत त्यांनी लगेच आपल्या बँकेला फोन करा, मग मला. ज्यांनी कोड दिला असेल त्यांनी मला आत्ता फोन करा.
> मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.
> ताई परत आल्याचं मी स्वतः त्यांच्याशी बोलून सांगेन. तोवर कुणीही सांगितलं तरी मानू नका. — (ॲडमिनचं नाव, तारीख, वेळ)

तारीख आणि वेळ मुद्दाम आहे. हे मेसेज फॉरवर्ड होत फिरतात आणि ताईंचं खातं परत मिळून बराच काळ लोटल्यावरही कुणीतरी त्यांना टाळत राहतं. ‘सगळ्यांना पाठवा’ ही ओळ म्हणून कधीच घालू नका. कोडबद्दलचं वाक्यही गाळू नका. चोर पैशाबरोबर पुष्कळांना असंही लिहितो, ‘माझा एक कोड चुकून तुझ्याकडं आलाय, सांग ना.’ तो कोड चुकून आलेला नसतो, तो वाचणाऱ्याच्या खात्याचा असतो. तो दिला की त्याचंही खातं जातं, आणि ग्रुपमध्ये संध्याकाळपर्यंत दुसरी लाट येते. एकाच ग्रुपमध्ये दर थोड्या दिवसांनी वेगळ्या माणसाचं खातं जातंय असं दिसलं, तर मूळ हे आहे.

ग्रुपवर इशारा टाकला तरी सगळे तो वाचत नाहीत. ज्यांनी ग्रुप म्यूट केलाय आणि जे वयस्क आहेत, त्यांना फोनच करावा लागतो. पाचसहा जणांत वाटून घेतलं तर अर्ध्या तासात होतं. ताईंच्या चुकीची चर्चा ग्रुपवर करू नका. ‘असं कसं कोड दाबला’ अशी चेष्टा सुरू झाली की ज्यानं खरोखर पैसे पाठवलेत तो गप्प बसतो, आणि त्याचे पैसे थांबवण्याची वेळ निघून जाते.

रिपोर्ट करताना एक फरक लक्षात ठेवा. पहिल्या प्रकारातला परका नंबर सगळ्यांनी रिपोर्ट करायला हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात नंबर ताईंचाच आहे. शंभर जणांनी तो रिपोर्ट केला तर त्यावर बंदी येऊ शकते आणि ताईंना ती उठवण्याची वेगळी कटकट होते. ताईंच्या घरी माणूस खातं परत घेत असेल तर बाकीच्यांनी फक्त दुर्लक्ष करावं.

ताईंच्या फोनवर

त्या प्रसंगात मुलीनं आधी वळवलेले कॉल बंद केले. कॉलच्या कीपॅडवर हे कोड चालतात:

```
*#21#    सगळे कॉल वळवलेत का ते दाखवतो
##002#   सगळ्या प्रकारचं कॉल फॉरवर्डिंग बंद करतो
```

पहिल्या कोडला ‘नाही’ उत्तर आलं तरी दुसरा दाबाच. फोन व्यस्त असताना, उचलला नाही तर, किंवा आवाक्याबाहेर असताना कॉल वळवण्याच्या वेगळ्या सोयी असतात आणि त्या पहिल्या कोडमध्ये दिसत नाहीत. दुसऱ्यानं तुमची व्हॉइसमेलही बंद होऊ शकते, ती नंतर चालू करून घेता येते. एखाद्या नेटवर्कवर हे कोड चालले नाहीत तर सिम कंपनीला फोन करून तेच करून घ्यायचं. हे आधी केलं नाही तर पुढचा कोड पुन्हा चोरालाच ऐकू जाईल.

मग व्हॉट्सॲपमध्ये ताईंचा नंबर टाकून नव्यानं नोंदणी केली. एसएमएसनं आलेला सहा अंकी कोड टाकला, त्या क्षणी चोर बाहेर पडला. चोर कधीकधी मुद्दाम चुकीचे कोड टाकून ठेवतो, त्यामुळं ‘थोड्या वेळानं प्रयत्न करा’ असा काउंटडाउन दिसतो. तेव्हा थांबणंच भाग असतं, पुन्हा पुन्हा दाबून तो वाढतो.

कोड टाकल्यावर कधीकधी एक पिन विचारला जातो, जो ताईंनी कधी ठेवलेलाच नसतो. तो चोरानं ठेवलेला असतो. इथं पुष्कळ जण घाबरतात, पण एसएमएसचा कोड टाकल्याबरोबर चोर बाहेर गेलेला असतो, पिन माहीत असो वा नसो. पिन नसेल तर पुन्हा आत येण्यासाठी 7 दिवस थांबावं लागतं, एवढंच. या सात दिवसांत ताई स्वतः व्हॉट्सॲपवर नसतात. ग्रुपला हे सांगून ठेवा, कारण त्या दिवसांत ताईंच्या नंबरावरून आलेला कुठलाही मेसेज ताईंचा नसतो.

आत आल्यावर Linked devices उघडून तिथलं ओळखीचं नसलेलं प्रत्येक उपकरण काढायचं. ओळखीचं वाटलं तरी तेही काढा आणि नव्यानं जोडा. तिसऱ्या प्रकारात खरं काम इतकंच असतं आणि तेच विसरलं जातं. लोक पासवर्ड बदलतात, फोन बंद-चालू करतात, ॲप पुन्हा टाकतात, पण ही यादी बघत नाहीत. त्यानंतर Two-step verification मध्ये स्वतःचा सहा अंकी पिन ठेवायचा आणि त्यात ईमेल पत्ताही द्यायचा, म्हणजे पिन विसरला तर तो बदलता येतो. पिन जन्मतारखेचा नको. आणि तो पिन चोरानंही विचारून घेतला तर त्याचा उपयोग नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

ताईंनी मेसेजमधून आलेली एखादी फाइल ॲप म्हणून फोनवर बसवली असेल, तर यातलं काहीच टिकत नाही. तसं ॲप एसएमएस वाचू शकतं आणि नवा कोडही चोराला पोचतो. ते ॲप काढून टाका. सापडत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्या, आणि तोवर बँकेचे व्यवहार त्या फोनवरून करू नका.

पैसे गेलेच असतील तर

ज्यानं पाठवले त्यानं आपल्या बँकेच्या छापील किंवा कार्डामागच्या नंबरावर फोन करायचा, इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ नंबरावर नाही. तिथं दुसरे चोर बसलेले असतात. बँकेला व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्याच्या नावावर गेले ते नाव द्यायचं, आणि ‘फसवणूक आहे, समोरचं खातं गोठवायला सांगा’ असं स्पष्ट म्हणायचं. त्यानंतर पोलिसांच्या सायबर विभागाकडं तक्रार, स्क्रीनशॉटसह. पैसे चोराच्या पहिल्या खात्यात फार वेळ राहत नाहीत, पुढं सरकवले जातात किंवा काढले जातात. त्यामुळं पहिला फोन किती लवकर झाला यावर परत मिळण्याची शक्यता अवलंबून असते. ताईंशी बोलून खात्री करून मग बँकेला फोन करू, असा वेळ घालवू नका. चुकून खरा व्यवहार थांबला तरी तो नंतर पुन्हा करता येतो.

परत कधी घ्यायचं

त्या ग्रुपमध्ये दोन दिवसांनी ताईंच्या नंबरावरून दुसऱ्या ॲडमिनला मेसेज आला, ‘माझं अकाउंट परत मिळालं, सगळ्यांचे आभार, मला ग्रुपमध्ये घे.’ हा मेसेज खरा होता. पण तोच मेसेज चोरही लिहितो, आणि बऱ्याचदा तोच आधी लिहितो. दुसऱ्या ॲडमिननं ताईंना साधा फोन केला, या वेळी तो ताईंनी उचलला. त्यानं विचारलं, Linked devices च्या यादीत काय दिसतंय ते वाचून दाखवा. यादी रिकामी होती. नंतर त्यानं ताईंना ग्रुपमध्ये घेतलं, पण ॲडमिन केलं नाही, आणि आधीचा इशारा ‘हा प्रसंग मिटला, तारीख अमुक’ असं लिहून त्याच मेसेजला उत्तर म्हणून बंद केला. वेगळा मेसेज टाकला असता तर तो कुठल्या इशाऱ्याबद्दल आहे हे वाचणाऱ्यांना कळलंच नसतं.